दुसरा अर्ज

(वस्तीतल्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण. बोललो तसंच बहुतेक ठेवलंय.)



मला बोलावतात ते कविता म्हणायला. आज कविता नाही. आज एक अर्ज वाचून दाखवणार आहे. पगारातून कापलेल्या दोन हजार नऊशे रुपयांचा अर्ज. तुमच्यातल्या निम्म्या पोरांना असा अर्ज कधी ना कधी लिहावा लागणार आहे, म्हणून कान देऊन ऐका.

आपले बाप गिरणीत होते, गोदीत होते. त्यांच्या डोक्यावर मुकादम होता. मुकादम शिवी द्यायचा. आता आपली पोरं गोदामात, मॉलात, कॉल सेंटरात आहेत. मुकादम गेला, टीम लीडर आला. टाइमकीपर गेला, एचआर आलं. एचआर शिवी देत नाही. एचआर ‘नोटेड’ म्हणतं. शिवीला उलट शिवी देता येते. ‘नोटेड’ला काय द्यायचं? पोरगा तिथंच गप होतो. त्याला वाटतं, निकाल लागला.

निकाल लागलेला नसतो. एचआर म्हणजे कोर्ट नव्हे. एचआर मालकाच्या पगारावर बसलेलं मालकाचं पहिलं टेबल आहे. पहिल्या टेबलानं नाही म्हटलं, एवढंच झालेलं असतं. त्याच्या वर कोण आहे आणि त्याला काय लिहायचं, हे माहीत नसलं की मात्र पहिलं टेबलच शेवटचं टेबल होतं.

आता गोष्ट सांगतो. आपलाच पोरगा. नाव सांगत नाही, कंपनीचंही सांगत नाही. न्हावा शेवाच्या रस्त्याला एक गोदाम आहे. बंदरातनं कंटेनर येतात, सील तोडून दार उघडतात, माल बाहेर काढतात. हा पोरगा तिथं चेकर. दारात उभा राहून नग मोजायचे आणि टॅलीशीटवर लिहायचे, हे त्याचं काम. पगार सतरा हजार चारशे. डिसेंबरात एक कंटेनर आला, त्याच्या छताला भोक. आतले खोके ओले. यानं टॅलीशीटवर तसंच लिहिलं : कंटेनर नंबर, सील नंबर, चौदा खोके ओले, छताला भोक. म्हणजे माल आमच्या हातात यायच्या आधीच भिजलेला. ज्याचा माल होता त्यानं बोंब मारली, कंपनीला भरपाई द्यावी लागली, आणि मॅनेजरनं ती खाली वाटून टाकली. ७ जानेवारी २०२६ ला पगार झाला. स्लिपवर ओळ : ‘डॅमेज रिकव्हरी २,९००’.

पोरगा भडकला. ९ जानेवारीला एचआरला मेल लिहिला. दोन पानं. कपात तर होतीच. शिवाय संडासाला पाणी नाही, मागल्या वर्षीचा बोनस कमी, ओव्हरटाइम कागदावर येत नाही, सुपरवायझर ‘तुम्ही लोक’ म्हणून बोलतो, सगळं त्यात. खाली, ‘तरी मला न्याय द्यावा ही विनंती’. एचआरकडून उत्तर आलं : तक्रार मिळाली, हा घ्या नंबर. मग दहा दिवस काही नाही. १९ जानेवारीला यानं आठवण दिली. दुसऱ्या दिवशी सुपरवायझर सगळ्यांसमोर मोबाइल काढून याचाच मेल मोठ्यानं वाचायला लागला. म्हणजे एचआरनं तक्रार उचलून ज्याच्याविरुद्ध होती त्याच्याच हातात दिली. २७ जानेवारीला एक ओळ आली : कपात कंपनीच्या पॉलिसीप्रमाणे आहे, केस क्लोज्ड. आणि २ फेब्रुवारीपासून याला कायम रात्रपाळी.

पोरगा आमच्याकडे आला तेव्हा त्याच्या हातात नवं पत्र तयार होतं. तीच दोन पानं, वर आणखी एक पान संतापाचं. मॅनेजिंग डायरेक्टरला लिहिलेलं. प्रत मुख्यमंत्री, कामगारमंत्री आणि चार पेपरांना.

राग खरा होता. पण ते पत्र वर गेलं असतं तर त्याचं काय झालं असतं, ते बघा. वरच्या साहेबानं पहिल्या चार ओळी वाचल्या असत्या. त्यात खोके, कंटेनर, संडास. त्याला वाटलं असतं, हे एचआरचं काम. त्यानं ‘कृपया लक्ष घालावे’ एवढं लिहून ते एचआरला ढकललं असतं. म्हणजे डोंगरावर चढवलेला दगड गडगडत पुन्हा त्याच टेबलावर. बहुतेक अर्ज असेच मरतात. कुणी फाडत नाही, खाली पाठवतात.

म्हणून दुसऱ्या अर्जाचा नियम एकच, तो डोक्यात ठोकून ठेवा. पहिला अर्ज तुझ्यावर काय झालं याचा असतो. दुसरा अर्ज तुझ्या पहिल्या अर्जाचं काय झालं याचा असतो. दुसऱ्या अर्जात आरोपीच्या जागी एचआरची कार्यवाही उभी पाहिजे. मग वरच्याला तो एचआरकडे ढकलता येत नाही. ज्याच्यावर तक्रार त्यालाच निवाडा द्यायला सांगितलं, असं कागदावर दिसतं. आणि कागदावर दिसेल त्याला साहेबलोक भितात.

आता वर म्हणजे कुठं? २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात नव्या कामगार संहिता लागू आहेत. कामगार संघटनांचा त्यांना विरोध आहे, संपाची वाट अवघड केली म्हणून, आणि तो विरोध बरोबर आहे. पण त्यात जे आपल्या हाताला लागतं ते सोडायचं नाही. औद्योगिक संबंध संहिता, २०२० सांगते : जिथं वीस किंवा जास्त कामगार, तिथं तक्रार निवारण समिती पाहिजेच. निम्मे मालकाचे, निम्मे कामगारांचे, एकूण दहापर्यंत. बाया काम करत असतील तर त्यांच्या प्रमाणात बाया. घटना घडल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करायचा. समितीनं तीस दिवसांत काम संपवायचं. आणि कामगारांच्या बाजूच्या निम्म्याहून जास्त सभासदांनी मान्य केल्याशिवाय तिचा निर्णय निर्णयच धरत नाहीत. म्हणजे मालकाची माणसं एखाद्याला फोडून तुला हरवू शकत नाहीत.

एचआर म्हणेल, ‘आमच्याकडे अशी समिती नाही.’ उत्तम. तरी अर्ज समितीच्याच नावानं कर, युनिट प्रमुखामार्फत. समिती नसेल तर ते त्यांना लिहून द्यावं लागेल, नाहीतर गप बसावं लागेल. दोन्ही तुझ्या कामाचं.

आता तो अर्ज ऐका. आम्ही तिघांनी बसून तो एका पानात आणला. मराठीत लिहिला. इंग्रजी येत नाही म्हणून अर्ज थांबवायचा नसतो.

‘दिनांक १० फेब्रुवारी २०२६.

प्रति, अध्यक्ष, तक्रार निवारण समिती. मार्फत : युनिट प्रमुख.

विषय : माझ्या ९ जानेवारी २०२६ च्या तक्रारीची चौकशी न करता ती बंद केल्याबद्दल, व पगारातून कापलेल्या २,९०० रुपयांबद्दल.

१. माझ्या डिसेंबर २०२५ च्या पगारातून ‘डॅमेज रिकव्हरी’ म्हणून २,९०० रुपये कापले. कपातीपूर्वी मला नोटीस दिली नाही, माझे म्हणणे विचारले नाही.

२. मी ९ जानेवारीला एचआरकडे लेखी तक्रार केली. १९ जानेवारीला स्मरण दिले. २७ जानेवारीला तक्रार बंद केल्याचे एका ओळीत कळवले. या १८ दिवसांत मला एकदाही बोलावले नाही. त्या दिवसाची टॅलीशीट पाहिल्याचा उल्लेख उत्तरात नाही.

३. माझी तक्रार सुपरवायझरांकडे पाठवली गेली. त्यांनी ती २० जानेवारीला सकाळी पाळी सुरू होताना इतर कामगारांसमोर वाचली. २ फेब्रुवारीपासून मला रात्रपाळी दिली, त्याचे कारण दिले नाही.

४. माल माझ्या ताब्यात येण्यापूर्वीच भिजला होता. त्या दिवसाच्या टॅलीशीटवर मी तशी नोंद केली आहे. ही टॅलीशीट व कंटेनरच्या पाहणीचा अहवाल समितीने मागवावा व जपून ठेवावा.

५. माझ्या मागण्या : (अ) २,९०० रुपये परत करावेत. (आ) कपात कोणत्या नियमाने व कोणाच्या सहीने झाली ते लेखी द्यावे. (इ) रात्रपाळी लावण्याचे कारण लेखी द्यावे, नाहीतर पूर्वीची पाळी द्यावी. (ई) ज्यांनी ही तक्रार बंद केली त्यांना या अर्जावर निर्णय देण्यास बसवू नये.

तीस दिवसांत, म्हणजे १२ मार्च २०२६ पर्यंत, लेखी निर्णय मिळावा.

सोबत : पगाराची स्लिप, तिन्ही मेलच्या प्रती.’

खाली सही, हुद्दा, हजेरी क्रमांक. संपला अर्ज.

यात ‘अन्याय’ हा शब्द नाही. ‘जुलूम’ नाही. एकही विशेषण नाही. कवी माणूस म्हणून मला जड गेलं. पण तारखा बघा. ९, १९, २७. मध्ये काही नाही. एचआरची झोप त्या आकड्यांतच दिसते, तिला नाव द्यायची गरज नाही. विशेषण लिहिलंस की साहेब विशेषणावर बोलतो : ‘भाषा बरी नाही.’ तारीख लिहिलीस की त्याला तारखेवरच बोलावं लागतं.

संडास, बोनस, ओव्हरटाइम यातनं काढून टाकलं. ते खोटं होतं म्हणून नव्हे. पाच गोष्टी लिहिल्या की मालक सगळ्यात सोपी निवडतो. संडासाला पाणी सोडतो आणि लिहितो, ‘तक्रारीचे निवारण केले.’ प्रत्येक गोष्टीचा वेगळा अर्ज.

पहिला मुद्दा परत बघा : नोटीस दिली नाही, म्हणणं विचारलं नाही. हा सगळ्यात मोठा खिळा आहे. वेतन संहिता, २०१९ प्रमाणे नुकसानीपोटी पगार कापायचा तर तो माल कामगाराच्या ताब्यात सांभाळायला स्पष्टपणे दिलेला पाहिजे, आणि नुकसान थेट त्याच्या हयगयीनं झालेलं पाहिजे. कापायच्या आधी त्याला कारण दाखवायची संधी दिली पाहिजे. नुकसानीपेक्षा जास्त कापता येत नाही. कंपनीची पॉलिसी काहीही म्हणो, ती कायद्याच्या वर नाही. म्हणून ‘पॉलिसीप्रमाणे’ असं उत्तर आलं की घाबरू नका, विचारा : कुठली पॉलिसी, कुणाची सही, मला कधी विचारलं?

चौथ्या मुद्द्यात टॅलीशीट मागवा म्हटलंय, जोडली नाही. पोरगा ती उचलून आणायला निघाला होता. आम्ही अडवला. कंपनीचा कागद बाहेर नेलास की खोक्यांचं प्रकरण बाजूला पडतं आणि तुझ्या चोरीचं सुरू होतं. तारीख लिहायची, कंटेनरचा नंबर लिहायचा आणि त्यांना तो आणायला लावायचा. स्वतःची स्लिप, स्वतःचे मेल, त्यांची आलेली उत्तरं, एवढं आपलं. त्यांच्या छापील प्रती घरी ठेवायच्या. कंपनीचा मेल कंपनीच्या हातात असतो, हकालपट्टीच्या दिवशी सकाळीच बंद होतो. व्हॉट्सअॅपवर काही आलं असेल तर नुसता फोटो नको, मूळ मेसेज फोनमध्ये राहू द्या.

आणि मागण्या. ‘न्याय द्या’ ही मागणी नव्हे. न्याय दिला की नाही हे कुणी मोजू शकत नाही. दोन हजार नऊशे रुपये दिले की नाही हे शेंबडं पोरही सांगेल. कारण लेखी दिलं की नाही, तेही सांगेल.

अर्ज दोन प्रतींत न्यायचा. एक द्यायची, दुसरीवर पोच घ्यायची : शिक्का, सही, तारीख. पोच देत नसतील तर वाद घालत बसू नका, पोस्टात जा, स्पीड पोस्टनं पाठवा आणि पावती अर्जाला टाचून ठेवा. मेलही टाका. पोच नसलेला अर्ज म्हणजे न लिहिलेला अर्ज. आणि या काळात कुणी केबिनमध्ये बोलावून ‘आता माझी काही तक्रार नाही’ असा कागद पुढं केला तर सही करायची नाही. म्हणायचं, पैसे स्लिपवर दाखवा, मग बघू. रागात राजीनामाही लिहायचा नाही. त्याची ते वाटच बघत असतात.

झालं काय? मार्चच्या ७ तारखेच्या पगारात दोन हजार नऊशे परत आले. ‘अॅडजस्टमेंट’ म्हणून. चूक झाली असं कुठं लिहिलं नाही. रात्रपाळीचं कारण दिलं नाही, पाळी बदलली नाही, समितीचा निर्णय आला नाही. म्हणजे मालकानं स्वस्तातली मागणी पुरी केली आणि तीस दिवस जाऊ दिले.

इथं पुष्कळ पोरं थांबतात. पैसे मिळाले ना, सोड. पण इथं पुढची पायरी आहे आणि तिला मुदत आहे. समितीचा निर्णय पटला नाही तर तो मिळाल्यापासून, किंवा तीस दिवसांत काहीच झालं नाही तर ते तीस दिवस संपल्यापासून, साठ दिवसांच्या आत समेट अधिकाऱ्याकडे जाता येतं. आपल्या पोराचे तीस दिवस १२ मार्चला संपले. साठ दिवस ११ मेला संपतात. ही तारीख त्यानं घरच्या कॅलेंडरवर लाल शाईनं लिहिलीय. पण संहितेत एक खोच आहे : हा अर्ज आपण सभासद असलेल्या युनियनमार्फत करायचा. म्हणजे युनियनचं कार्ड खिशात नसेल तर ही पायरी चढताना पाय अडतो. कार्ड आधी काढा, भांडण झाल्यावर नाही. पोरानं काढलं.

कुठल्या समेट अधिकाऱ्याकडे, हेही आधी विचारून घ्या. मोठ्या बंदराच्या कामात सरकार म्हणजे केंद्र सरकार, त्यांचं कामगार खातं वेगळं. बाहेरचं साधं गोदाम, दुकान, कारखाना असेल तर राज्याचं. चुकीच्या खिडकीवर अर्ज पडला की तो तिथंच पडून राहतो आणि साठ दिवस मात्र चालत राहतात.

पैसे परत आले नसते तर? नुसत्या कापलेल्या पगारासाठी दुसरी वाट आहे. वेतन संहितेखाली नेमलेल्या अधिकाऱ्याकडे कामगार स्वतः दावा लावू शकतो. तीन वर्षांपर्यंत मुदत आहे. आणि तो अधिकारी मूळ रकमेच्या दहापटीपर्यंत भरपाई देववू शकतो. देईलच असं नाही, पण देऊ शकतो. वीसपेक्षा कमी माणसं असलेल्या ठिकाणी समिती नसते, तिथं मालकाला असाच एक पानी अर्ज करून थेट या वाटेनं जायचं. ठेकेदाराकडे असाल तर अर्ज ठेकेदाराला, आणि प्रत ज्याच्या आवारात राबता त्या मुख्य मालकाला. ठेकेदारानं पगार बुडवला तर तो देण्याची जबाबदारी मुख्य मालकावर येते. म्हणून ती प्रत वाया जात नाही.

राहिलं ते ‘तुम्ही लोक’. तो मुद्दाही आपण या अर्जातनं काढला, आणि त्यावरून आमच्यात जोराचं भांडण झालं. काढला, पण सोडला नाही. जातीचं प्रकरण पगाराच्या अर्जात घुसवलं की एचआर त्याला ‘गैरसमज’ म्हणून मिटवतं. ते एचआरचं कामच नाही. कुणी चारचौघांत जातीवरून मुद्दाम अपमान केला, जातिवाचक शिवी दिली, तर तो १९८९ च्या अॅट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा आहे. त्याची जागा पोलीस ठाणं. कंपनीची चौकशी आधी झाली पाहिजे अशी अट कायद्यात नाही. २०१८ च्या दुरुस्तीनंतर गुन्हा नोंदवायच्या आधी पोलिसांनी प्राथमिक चौकशी करायचीही गरज नाही. ठाण्यानं नोंदवायला नकार दिला तर तीच हकिकत लेखी करून टपालानं पोलीस अधीक्षकाला, शहरात त्या दर्जाच्या अधिकाऱ्याला पाठवायची. बघा, इथंही दुसरा अर्जच. तिथंही पहिली ओळ हीच : अमुक तारखेला, अमुक वाजता ठाण्यात गेलो, नोंद घेतली नाही. शब्द नेमके काय होते, कोण कोण ऐकत होतं, ते त्याच रात्री वहीत लिहून ठेवा. महिन्यानं आठवलेले शब्द वकील फाडून टाकतो.

पोरींसाठीही तेच. लैंगिक छळाची तक्रार एचआरकडे नाही, कंपनीच्या अंतर्गत समितीकडे करायची, तीन महिन्यांच्या आत. मुदत आणखी तीन महिने वाढवता येते, पण ती समितीच्या मर्जीवर आहे. तक्रार मालकाविरुद्धच असेल किंवा कंपनीत दहाहून कमी माणसं असतील, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे. एचआरची बाई गोड बोलून ‘मी बघते’ म्हणाली आणि तुम्ही थांबलात, तर तिच्या बघण्यात तुमचे तीन महिने जातात.

आज घरी गेल्यावर एक काम करा. ज्यांनी एचआरला काही लिहिलंय आणि उत्तर आलं नाही, त्यांनी एक कागद घ्या. डाव्या बाजूला तारीख, उजव्या बाजूला त्या दिवशी काय झालं. काही झालं नसेल तर ‘काही नाही’ असंच लिहा. पुढच्या रविवारी तो कागद घेऊन या. त्या ‘काही नाही’तूनच आपण दुसरा अर्ज लिहायला घेऊ.